व्याजाचा ताळमेळ आणि नोटिशीला द्यायचे उत्तर

डिसेंबर २०२५मधली एक सकाळ. कराडमध्ये राहणाऱ्या ६७ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेच्या मोबाइलवर प्राप्तिकर खात्याचा संदेश आला. पोर्टलवर जाऊन मुलीने नोटीस उघडली. आर्थिक वर्ष २०२३-२४मध्ये वार्षिक माहिती विवरणानुसार व्याजाचे उत्पन्न ३,५८,९०० रुपये, रिटर्नमध्ये दाखवलेले २,४१,१५० रुपये. फरक १,१७,७५० रुपये. खुलासा करावा.

बाईंच्या तोंडून पहिले वाक्य आले ते म्हणजे, “अगं, बँकेने तर टीडीएस कापलाय!” मुलगी म्हणाली, “चुकीचं असेल आई, सरळ नाही म्हणून टाकू.” यजमानांचे मत तिसरेच होते. त्यांना वाटत होते की या वयात झंझट नको, मागतील तेवढे भरून मोकळे व्हावे. अशी नोटीस आली की बहुतेक घरांत याच तीन प्रतिक्रिया उमटतात आणि तिन्ही महागात पडू शकतात. ही कहाणी अनेक घरांतल्या अनुभवांवरून एकत्र बेतलेली आहे. आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, नियम मात्र जसेच्या तसे आहेत.

उत्तर लिहायला बसण्यापूर्वी नोटिशीचे दोन तपशील पाहायचे. पहिला म्हणजे तिच्यावरचा दस्तऐवज ओळख क्रमांक, ज्याला सगळे डीआयएन म्हणतात. १ ऑक्टोबर २०१९पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर हा क्रमांक टाकणे बंधनकारक आहे. `incometax.gov.in` या संकेतस्थळावर `Authenticate Notice/Order Issued by ITD` अशी सोय आहे, तिथे क्रमांक टाकला की नोटीस खरी की बनावट ते कळते. संदेशातल्या दुव्यावर बोट ठेवण्यापेक्षा नेहमीच्या पद्धतीने संकेतस्थळ उघडून आत जावे, कारण करपरताव्याच्या नावाने फसवणारे संदेशही अगदी असेच दिसतात.

दुसरा तपशील कलमाचा. बाईंची नोटीस कलम १३३(६)ची होती. या कलमाखाली खाते माहिती मागते. डिसेंबर २०२१मध्ये अधिसूचित झालेल्या ई-पडताळणी योजनेत विवरण आणि रिटर्न यांतल्या फरकाची विचारणा अशाच नोटिशीने होते. ही करनिर्धारणाची कारवाई नव्हे, त्यामुळे चूक असेल तर स्वतःहून सुधारण्याचा रस्ता अजून खुला असतो. नोटीस कलम १४३(२)ची असेल तर ती छाननी आहे. तिथे सुधारित हिशेबाचे दार बंद झालेले असते आणि उत्तराची भाषाही बदलते, तेव्हा थेट जाणकार सीएकडे जावे. म्हणून कलमाचा आकडा आधी वाचायचा, रक्कम नंतर.

मग फरकाची चिरफाड. या कामात लोक घाई करतात आणि तिथेच चुकतात. ‘फरक १,१७,७५०’ हा आकडा एका उत्तरात बसत नाही, कारण तो क्वचितच एका कारणाने निर्माण झालेला असतो. एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण, उघडून त्यातली प्रत्येक व्याजाची ओळ वेगळी काढायची. कुठल्या बँकेने, कुठल्या खात्यासाठी, किती रक्कम कळवली हे तिथे दिसते. शेजारी बँकेकडून घेतलेले व्याजाचे प्रमाणपत्र आणि रिटर्नची प्रत ठेवायची. मुलीने स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तीन कागद पसरले आणि एकेका ओळीपुढे पेन्सिलीने खूण केली. जुळलेल्या ओळी बाजूला गेल्यावर तीनच उरल्या: ५८,४००, ४१,००० आणि १८,३५०. बेरीज बरोबर १,१७,७५०.

(एखादी रक्कम दोनदा आलेली दिसली, एकदा टीडीएसच्या तपशिलात आणि एकदा बँकेने कळवलेल्या व्याजात, तर प्रमाणपत्राशी ताडून ती दुबार आहे हे ठरवता येते. बाईंच्या बाबतीत तसे नव्हते.)

पहिली ओळ, ५८,४००. ही मुदत ठेव बाई आणि त्यांचे यजमान यांच्या संयुक्त नावावर होती आणि पावतीवर पहिले नाव बाईंचे होते, कारण शाखा शाळेजवळ आणि बँकेतली ये-जा त्यांचीच. पैसे मात्र यजमानांच्या ग्रॅच्युइटीचे. पावतीवर पहिले नाव ज्याचे, त्याच्या पॅनवर बँक व्याज कळवते. पैसे कोणाचे हे बँकेच्या संगणकाला ठाऊक नसते. कर मात्र पैसा कोणाचा यावर ठरतो, नाव कितव्या क्रमांकावर आहे यावर नाही. यजमानांनी हे व्याज स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवले होते, तेव्हा या ओळीवर बाईंनी कर भरण्याचा प्रश्नच नव्हता.

मात्र ‘पैसे यजमानांचे’ असे नुसते लिहून भागत नाही. यजमानांच्या बचत खात्याच्या पासबुकात ठेवीची रक्कम वजा झालेली नोंद, ठेवीची पावती आणि यजमानांच्या रिटर्नमधले व्याजाचे पान, असे तीन कागद एकमेकांना जोडून दाखवावे लागतात. पैशाचा माग लागला की वाद राहत नाही. आणि उलटी बाजूही लक्षात ठेवावी. पैसे बाईंचे असते आणि त्यांनी ते यजमानांना दिले असते, तर कलम ६४ नुसार व्याज पुन्हा बाईंच्याच उत्पन्नात मोजले गेले असते. कर कमी बसावा म्हणून जोडीदाराच्या नावे ठेव करणाऱ्यांना हे कलम सहसा नोटीस आल्यावरच कळते.

या ओळीला आणखी एक धागा आहे आणि उत्तर त्यावर उभे राहते किंवा कोसळते. बँकेने या ५८,४०० रुपयांवर १० टक्के, म्हणजे ५,८४० रुपये टीडीएस बाईंच्या पॅनवर कापला होता. बाईंनी रिटर्नमध्ये तो टीडीएस स्वतःच्या नावे मागितला असता तर? व्याज यजमानांचे पण कापलेला कर माझा, असे दोन्ही बाजूंनी चालत नाही. सुदैवाने बाईंच्या रिटर्नमध्ये हे ५,८४० नव्हते. ते कोणीच मागितलेले नव्हते. प्राप्तिकर नियमावलीतल्या ३७बीए या नियमानुसार, व्याज दुसऱ्याच्या उत्पन्नात मोजायचे असेल तर ठेवीदार बँकेला लेखी घोषणा देऊ शकतो आणि मग बँक टीडीएस त्या दुसऱ्या व्यक्तीच्या पॅनवर कळवते. पुढच्या वर्षांसाठी ही घोषणा करणे किंवा ठेव मोडेल तेव्हा नावांचा क्रम बदलून नवी ठेव करणे, दोन्ही घरबसल्या करता येण्यासारखी कामे आहेत.

दुसरी ओळ, ४१,०००. बाईंच्या मुलीला हीच ओळ सर्वांत सोपी वाटली होती. एप्रिल २०२३मध्ये बाईंनी स्वतःच्या पैशांतून पाच वर्षांची संचयी ठेव केली होती, म्हणजे व्याज दरवर्षी हातात न येता मुद्दलात मिसळत जाणारी. “व्याज मिळालेच नाही, मग कर कसला?” असा युक्तिवाद ती लिहिणार होती, आणि तो सर्वस्वी चुकीचाही नव्हता. व्याजासारखे उत्पन्न हातात पडेल तेव्हा दाखवायचे की दरवर्षी साचेल तसे दाखवायचे, ही निवड कायदा करदात्याला देतो. बँका मात्र दरवर्षी साचलेले व्याज कळवतात आणि त्यावर टीडीएसही कापतात. त्यामुळे मुदतपूर्तीला व्याज दाखवणाऱ्याच्या विवरणात दरवर्षी फरक दिसणारच.

पण मुलीने रिटर्नचे टीडीएसचे पान उघडले आणि थबकली. त्या ४१,००० रुपयांवर कापलेले ४,१०० रुपये बाईंनी त्याच वर्षी वळते करून घेतले होते. व्याज पाच वर्षांनी दाखवणार पण त्यावरचा कर आत्ताच जमेस धरणार, ही मांडणी टिकत नाही. टीडीएसची जमा ज्या वर्षी व्याज करपात्र ठरते त्या वर्षी मिळते. मुदतपूर्तीलाच व्याज दाखवायचे असेल तर रिटर्नच्या टीडीएसच्या तक्त्यात ती रक्कम पुढच्या वर्षासाठी ओढायचा रकाना असतो आणि तो दरवर्षी शिस्तीने भरावा लागतो. शिवाय पद्धत एका वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी दुसरी अशी बदलता येत नाही. बाईंच्या बाकीच्या ठेवींचे व्याज दरवर्षी दाखवलेले होते. अशा वेळी प्रामाणिक आणि टिकणारे उत्तर एकच राहते: ४१,००० रुपये दाखवायचे राहिले होते, ते आता दाखवत आहोत.

सीएकडे न जाता लिहिलेली उत्तरे बहुधा याच जागी अडतात. कायद्यातला चांगला मुद्दा हाताशी असतो, पण आपलाच रिटर्न त्याच्या विरोधात बोलत असतो. म्हणून पत्राचे पहिले वाक्य लिहिण्याआधी स्वतःचा रिटर्न परक्या माणसाच्या नजरेने वाचावा.

तिसरी ओळ, १८,३५०. दुसऱ्या बँकेतली आवर्ती ठेव बाई चक्क विसरल्या होत्या. त्या बँकेतले व्याज ज्येष्ठ नागरिकांसाठी तेव्हा लागू असलेल्या ५०,००० रुपयांच्या मर्यादेच्या आत असल्याने टीडीएस कापला गेला नाही आणि फॉर्म १६ए आलाच नाही. टीडीएस न कापलेले व्याजही बँका खात्याला कळवतात, हे अजूनही अनेकांना माहीत नसते. ती मर्यादा १ एप्रिल २०२५पासून ज्येष्ठांसाठी १ लाख झाली. त्यामुळे टीडीएसविना राहणारे व्याज आता वाढेल आणि विसरणेही.

बाईंच्या पहिल्या वाक्याचे उत्तर इथे द्यायला हवे. बँकेने टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला असे नाही. बँक १० टक्के कापते. बाईंचे करपात्र उत्पन्न पेन्शन धरून ५ लाखांच्या वर होते, म्हणजे जुन्या करप्रणालीत त्यांच्या या उत्पन्नावर २० टक्के दर लागत होता. ज्येष्ठांना ठेवींच्या व्याजावर मिळणारी कलम ८०टीटीबीची ५०,००० रुपयांची वजावट आधीच पूर्ण वापरलेली होती.

आता चुकलेली रक्कम किती? ४१,००० आणि १८,३५० मिळून ५९,३५० रुपये. त्यावर २० टक्क्यांनी ११,८७० रुपये कर आणि ४ टक्के उपकर धरून १२,३४५ रुपये. ४,१०० रुपयांची जमा आधीच मिळालेली असल्याने ती पुन्हा वजा होत नाही. ज्यांचे धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नाही अशा निवासी ज्येष्ठांना आगाऊ कर भरावा लागत नाही, म्हणून त्याच्या विलंबाचे व्याज बाईंना लागले नाही. मूळ रिटर्न जुलै २०२४मध्ये वेळेत भरलेला असल्याने उशिराचे व्याजही नाही.

नेहमीचा सुधारित रिटर्न भरण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२४ला संपली होती. उरला तो अद्ययावत रिटर्न, ज्याला आयटीआर-यू म्हणतात. त्यात चुकलेला कर भरताना वर जादा कर द्यावा लागतो. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत भरल्यास २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के, तिसऱ्या वर्षी ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के. बाईंचे करनिर्धारण वर्ष २०२४-२५ हे ३१ मार्च २०२५ला संपले, तेव्हा ३१ मार्च २०२६पर्यंत २५ टक्केच. १२,३४५चे २५ टक्के ३,०८६. एकूण सुमारे १५,४३१ रुपये.

यजमानांच्या म्हणण्याप्रमाणे नोटिशीतला पूर्ण फरक मान्य केला असता तर? ५८,४०० वरचा २० टक्के कर, उपकर आणि जादा कर धरून आणखी सुमारे १५,१८० रुपये गेले असते, आणि तेही यजमानांनी आपल्या रिटर्नमध्ये ज्यावर कर भरला आहे त्याच व्याजावर दुसऱ्यांदा. ‘झंझट नको’ची किंमत एवढी. आणि मुलीच्या म्हणण्याप्रमाणे सरसकट नाकारले असते तर खात्याने बँकेला विचारले असते, बँकेने ‘माहिती बरोबर आहे’ कळवले असते आणि बाईंचे खरे असलेले ५८,४०० चे म्हणणेही संशयात सापडले असते. उत्पन्न कमी दाखवल्याचे प्रकरण छाननीत गेले तर बुडालेल्या कराच्या ५० टक्के दंडाची तरतूद आहे, खोटी माहिती दिल्याचे ठरले तर २०० टक्के.

अद्ययावत रिटर्न एका वर्षासाठी एकदाच भरता येतो, त्यात परतावा मागता येत नाही आणि कर कमीही करता येत नाही. म्हणून तो भरण्यापूर्वी फक्त व्याजच नव्हे, तर एआयएसमधले लाभांश, शेअरविक्री वगैरे सगळे तपासून घ्यावे. बाईंच्या मुलीने ते केले, चलनाने कर भरला आणि मग रिटर्न दाखल केला. पत्र त्यानंतर. क्रम असाच हवा, कारण पत्रात ‘भरू’ या शब्दापेक्षा ‘भरला, पावती क्रमांक अमुक’ हे वाक्य चौकशी तिथेच थांबवते.

पत्र पोर्टलवरच द्यायचे. लॉगिन केल्यावर `Pending Actions` आणि त्यात `Compliance Portal` असा रस्ता आहे. उत्तराच्या चौकटीत थोडक्यात मजकूर लिहावा आणि सविस्तर पत्र पीडीएफ करून सोबत जोडावे. इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिणे सोयीचे पडते, पण विचार मराठीत पक्का झाला की भाषांतर अवघड नाही. बाईंचे पत्र साधारण असे होते:

> विषय: करनिर्धारण वर्ष २०२४-२५, कलम १३३(६)ची नोटीस, डीआयएन …, पॅन …
>
> महोदय,
>
> नोटिशीत दर्शवलेला व्याजाचा फरक १,१७,७५० रुपये आहे. त्याचा खातेनिहाय खुलासा पुढीलप्रमाणे.
>
> १. ठेव क्र. … वरील व्याज ५८,४०० रुपये. ही संयुक्त ठेव माझ्या पतींच्या ग्रॅच्युइटीतून त्यांच्या बचत खात्यातून केलेली आहे. पहिले नाव माझे असल्याने व्याज माझ्या पॅनवर कळवले गेले. माझ्या पतींनी, पॅन …, हे व्याज त्यांच्या त्याच वर्षाच्या रिटर्नमध्ये दाखवून त्यावर कर भरला आहे. या ठेवीवरील ५,८४० रुपये टीडीएसची जमा मी मागितलेली नाही.
>
> २. ठेव क्र. … वरील व्याज ४१,००० रुपये आणि आवर्ती ठेव क्र. … वरील व्याज १८,३५० रुपये मूळ रिटर्नमध्ये दाखवायचे राहून गेले. हे ५९,३५० रुपये मी दि. … रोजी दाखल केलेल्या अद्ययावत रिटर्नमध्ये, पावती क्र. …, समाविष्ट केले असून त्यावरील कर आणि जादा कर चलन क्र. … ने भरला आहे.
>
> सोबत: पतींच्या पासबुकातील नोंद, ठेवीची पावती, पतींच्या रिटर्नमधील व्याजाचे पान, दोन्ही बँकांची व्याजाची प्रमाणपत्रे, अद्ययावत रिटर्नची पावती, चलन.
>
> वरील खुलासा ग्राह्य धरावा, ही विनंती.

पत्रात आजारपण नाही, वय नाही, ‘मी आयुष्यभर प्रामाणिक’ नाही. बाईंच्या मनात ते होते आणि पहिल्या कच्च्या खर्ड्यात अर्धे पान त्यांनी तेच लिहिले होते. मुलीने ते हळुवारपणे काढून टाकले. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला फरकाची बेरीज शून्यावर आलेली दिसायला हवी. इथे ५८,४०० आणि ५९,३५० मिळून १,१७,७५० होतात, एक रुपयाही मोकळा राहत नाही. तिथे पत्राचे काम होते.

एक काम मात्र पत्राने होत नाही. एआयएसमधल्या प्रत्येक ओळीपुढे प्रतिसाद नोंदवायची सोय आहे. ५८,४०० च्या ओळीपुढे `Information relates to other PAN/Year` हा पर्याय निवडून यजमानांचा पॅन द्यायचा, बाकी दोन ओळींपुढे माहिती बरोबर असल्याचे नोंदवायचे. माहिती दुसऱ्याची असल्याचा प्रतिसाद ती देणाऱ्या बँकेकडे पडताळणीला जातो आणि बँकेने तो मान्य केला की नाही, हे मे २०२४पासून त्याच विवरणात दिसू लागले आहे. प्रतिसाद दिला म्हणजे रिटर्न सुधारला असे होत नाही आणि पत्र दिले म्हणजे विवरण सुधारले असेही होत नाही. दोन्ही स्वतंत्रपणे करावी लागतात.

नोटिशीतली तारीख जवळ आली आणि बँकेचे प्रमाणपत्र हाती आले नसेल तर गप्प बसू नये. हाती असलेल्या ओळींचा खुलासा मुदतीत द्यावा, उरलेल्या ओळीसाठी बँकेकडे केलेल्या अर्जाची पोचपावती जोडून वेळ मागावी. उत्तर पाठवल्यावर पडद्यावर येणारा पोच क्रमांक उतरवून ठेवावा, पत्राच्या प्रतीवर त्याच दिवशी लिहावा. १ एप्रिल २०२६पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला असला, तरी २०२३-२४सारख्या जुन्या वर्षांचे प्रश्न १९६१च्याच कायद्याने सुटतात. त्यामुळे पत्रात कलमांचे जुनेच आकडे लिहायचे.

बाईंनी उत्तर पाठवले त्याच संध्याकाळी यजमानांनी बँकेला द्यायच्या घोषणेचा अर्ज लिहायला घेतला. पुढच्या मार्चअखेरसाठी ठेवींची यादी, पहिले नाव कोणाचे आणि पैसे कोणाचे, असे तीन रकाने त्यांनी घरच्या वहीत आखून ठेवले आहेत.